तापात मान आखडली की बोलणे बिघडले? मेंदूज्वराची दोन रूपे घरी कशी ओळखावीत

आपल्याकडे ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या आजारांसाठी वापरला जातो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. मेंदूभोवती पातळ आवरणे असतात. त्यांच्यामध्ये पाण्यासारखा द्रव फिरत असतो. त्या आवरणांना सूज आली तर तो मेनिंजायटिस. खुद्द मेंदूच्या गाभ्याला, म्हणजे विचार, बोलणे आणि हालचाल चालवणाऱ्या पेशींच्या भागाला सूज आली तर तो एन्सेफलायटिस. ताप, डोकेदुखी आणि उलटी दोन्हींत असते, म्हणून केवळ त्यावरून काही ठरवता येत नाही.

पहिल्यांदा मान पाहावी. रुग्णाला उताणे झोपवून, डोक्याखाली हात घालून हनुवटी अलगद छातीकडे न्यावी. साध्या तापात अंग दुखत असले तरी मान वाकते. आवरणांना सूज असेल तर ती ताणली गेल्यामुळे मान फळीसारखी ताठ राहते आणि रुग्ण कळवळतो. उजेडही त्याला सहन होत नाही. मात्र मान वाकली म्हणून निश्चिंत होऊ नये. तान्ह्या बाळात आणि म्हाताऱ्या माणसात हे लक्षण अनेकदा दिसतच नाही. बाळाची टाळू फुगलेली आहे का, ते दूध ओढत नाही का, उचलून घेतल्यावर जास्तच किंचाळते का, हे तिथे अधिक महत्त्वाचे असते.

त्यानंतर भान तपासावे, आणि माझ्या मते घरच्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते. नाव, गाव, वार आणि सकाळी काय खाल्ले एवढेच विचारावे. मेनिंजायटिसचा रुग्ण सुरुवातीला वेदनेने त्रस्त असला तरी बहुधा नीट उत्तर देतो. ‘डोकं दुखी ऱ्हायनं’ हे तो स्वतः सांगतो. एन्सेफलायटिसमध्ये मात्र बिघाड मेंदूतच असल्याने माणूस बदलतो: भलतेच बोलतो, शब्द सापडत नाहीत, घरच्यांना ओळखत नाही, झटके येतात किंवा एक हात लुळा पडतो.

समजा, यावल तालुक्यातील चाळिशीचा एक शेतकरी मे महिन्यात केळीच्या बागेतून ताप घेऊन परततो. दोन दिवस डोके दुखते, मान मात्र वाकते. तिसऱ्या दिवशी तो पत्नीला बहिणीच्या नावाने हाक मारतो आणि पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवूनही ‘तांब्या’ हा शब्द त्याला आठवत नाही. घरात कोणी म्हणते ऊन लागले, कोणी म्हणते बाहेरचे आहे. उष्माघातातही भान हरपते, पण तोही तातडीचाच आजार आहे, त्यामुळे थांबण्याचे कारण दोन्ही बाजूंनी उरत नाही. संध्याकाळी त्याचा उजवा हात झटके देऊ लागतो. जळगावच्या मोठ्या रुग्णालयात पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि साखर जवळपास ठीक निघते. एमआरआयमध्ये कानशिलामागचा मेंदूचा भाग सुजलेला दिसतो. हे चित्र हर्पिसच्या विषाणूचे आहे. त्यात अॅसायक्लोविर हे विषाणूंवरचे औषध शिरेतून दर आठ तासांनी, साधारण 14 ते 21 दिवस द्यावे लागते, आणि ते विषाणू शोधणाऱ्या पीसीआर तपासणीचा अहवाल येण्याआधीच सुरू करतात, कारण उपचार न झाल्यास बहुसंख्य रुग्ण दगावतात.

याच घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ताप, ताठ मान आणि उलट्या असत्या, पण भान शाबूत असते, तर संशय मेनिंजायटिसचा राहिला असता. तो जिवाणूंमुळे असल्यास मणक्याच्या पाण्यात न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि साखर उतरते. तिथे घड्याळ दिवसांचे नसून तासांचे असते: रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक लागावे, सीटी स्कॅनसाठी ते अडवून ठेवू नये. विषाणूंमुळे झालेला मेनिंजायटिस बऱ्याचदा आपोआप बरा होतो, हे खरे. पण तो कोणता हे घरी कळण्याचा मार्ग नाही. क्षयाचा मेनिंजायटिस तर आठवडे रेंगाळत वाढतो आणि म्हणूनच फसवतो.

दोन्ही आजार एकत्रही येतात, आणि मेनिंजायटिस वाढला की भान त्यातही जाते. त्यामुळे घरची तपासणी निदानासाठी नसून डॉक्टरांना नेमके सांगण्यासाठी आहे. ताप कधी आला, भान पहिल्यांदा कधी बिघडले, झटका किती मिनिटे टिकला आणि कोणत्या बाजूचा होता, हे कागदावर लिहून न्यावे. पॅरासिटामॉलने ताप उतरला तरी वाट पाहू नये.

लहान मुलांबाबत आणखी एक गोष्ट. गुजरातेत 2024 मध्ये चांदिपुरा विषाणूचा उद्रेक झाला होता, आणि नंदुरबार जिल्हा त्या सीमेलाच लागून आहे. वालुमाशीमार्फत पसरणारा हा एन्सेफलायटिस ताप आल्यापासून एक-दोन दिवसांतही जीव घेऊ शकतो, आणि त्यावर खास औषध नाही. म्हणून तापात मुलाला झटका आला की त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये आणि 108 ला फोन करावा.