वार्षिक सभेत सामन्यांचा हिशेब कसा मांडावा: क्लबच्या कार्यवाहांसाठी

क्रिकेट क्लबच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यवाहाने "यंदा आपण इतके सामने खेळलो" असं म्हटलं की मागच्या रांगेतला एखादा जुना सभासद बोटं मोजू लागतो. जिंकलेले, हरलेले आणि अनिर्णित मिळून खेळलेल्यांची बेरीज जुळली नाही, तर पुढचं भाषण कुणी ऐकत नाही. म्हणून भाषण लिहिण्याआधी तक्ता तयार करा.

तक्ता स्कोअरबुकावरूनच भरा. क्लबच्या ग्रुपवरच्या संदेशांवरून मोजू नका. जिंकल्याचे संदेश भरपूर असतात आणि हरल्याचे तुरळक, त्यामुळे हिशेब आपोआप गोड होतो. हंगाम कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत धरायचा, तेही आधीच ठरवून लिहून ठेवा. मार्चअखेर सुरू होऊन एप्रिलमध्ये संपलेली स्पर्धा दोन वर्षांच्या अहवालांत दोनदा मोजली जाते, असं मी पाहिलं आहे.

आता खरी अडचण, 'खेळलेला सामना' कशाला म्हणायचं? मुंबईत १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. तिथे मैदानावर पोचून, ओल्या खेळपट्टीकडे बघत बसून परत येण्याची वेळ बऱ्याच संघांवर येते. नाणेफेकही झाली नसेल तर तो सामना खेळलेल्यांत धरू नका, 'पावसामुळे सुरू न झालेले' असा वेगळा रकाना ठेवा. प्रतिस्पर्धी आलाच नाही म्हणून पुढे चाल मिळाली, तर गुण जरूर मिळतात. पण चेंडू पडलेला नाही, म्हणून तीही वेगळी. मी पहिल्या वर्षी पुढे चाल विजयात धरली होती आणि ती भर सभेत दुरुस्त करावी लागली.

अनिर्णित आणि बरोबरी एक नव्हेत. दोन डावांच्या सामन्यात वेळ संपली आणि निकाल लागला नाही, तर तो अनिर्णित. दोन्ही संघांच्या धावा सारख्या होऊन शेवटी फलंदाजी करणाऱ्यांचा डाव पूर्ण झाला, तर बरोबरी, म्हणजे टाय. रणजी करंडकात अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेणाऱ्याला तीन गुण मिळतात, तरीही नोंदीत तो सामना अनिर्णितच राहतो. तुमच्या लीगमध्येही आघाडीचे गुण असतील तर ते जरूर सांगा, पण आघाडीला विजय म्हणू नका.

एक नमुना घेऊ. आकडे उदाहरणासाठी आहेत. या क्लबचे वर्षभरात ३० सामने ठरले होते. त्यांतले ४ पावसामुळे सुरूच झाले नाहीत आणि एकात पुढे चाल मिळाली. उरले २५.

| प्रकार | खेळले | जिंकले | हरले | अनिर्णित | बरोबरी |
|---|---|---|---|---|---|
| पावसाळी लीग (दोन डाव) | ८ | २ | २ | ४ | ० |
| मर्यादित षटके | १२ | ७ | ४ | ० | १ |
| मैत्रीपूर्ण (मर्यादित षटके) | ५ | ३ | २ | ० | ० |
| एकूण | २५ | १२ | ८ | ४ | १ |

बेरीज दोन्हीकडून करा. आडव्या ओळीत १२, ८, ४ आणि १ मिळून २५ यायला हवेत. उभ्या रकान्यात ८, १२ आणि ५ मिळूनही २५च. जुळलं नाही तर बहुधा एखादा सामना दोन प्रकारांत गेलेला असतो. आणखी एक खूण आहे. मर्यादित षटकांच्या ओळीत 'अनिर्णित'खाली आकडा दिसला तर नोंद तपासा. तिथे अनिर्णित निकाल नसतो, बहुधा पावसाने अर्धवट सुटलेला सामना कुणीतरी तिथे लिहिलेला असतो. त्यासाठी 'निकाल नाही' असा रकाना वाढवा.

बोलताना तक्ता वाचू नका. कानाला एका दमात चार-पाच आकडे पेलतात, म्हणून आधी एकूण सांगा, मग एकच प्रकार उलगडा:

"अध्यक्ष महोदय आणि सभासद बंधुभगिनींनो, या हंगामात आपण २५ सामने खेळलो. १२ जिंकले, ८ हरलो, ४ अनिर्णित राहिले आणि एक बरोबरीत सुटला. पावसाने ४ सामने सुरूच होऊ दिले नाहीत, आणि एकात पुढे चाल मिळाली, ती या २५ मध्ये धरलेली नाही. चारही अनिर्णित सामने पावसाळी लीगमधले आहेत. त्यांतल्या तिघांत पहिल्या डावाची आघाडी आपली होती, पण शेवटच्या तासात प्रतिस्पर्ध्याचे उरलेले गडी बाद करता आले नाहीत."

शेवटचं वाक्य बघा. तिथे आकड्यांतून एक गोष्ट निघाली, गोलंदाजी शेवटी कमी पडते. तुमच्या तक्त्यातली अशी एखादी जागा शोधा आणि वेळ तिच्यावर द्या. पराभव मात्र विजयाइतक्याच स्पष्ट आवाजात सांगा, '८ हरलो' गिळू नका. छापील तक्ता सभेआधी खुर्च्यांवर ठेवा आणि स्कोअरबुक टेबलावर, म्हणजे शंका आली तर पान तिथेच उघडता येतं.