रात्री पॉवर फॅक्टर लीडिंग: चिकटलेली स्टेज अशी सापडली

वेर्ण्यातल्या आमच्या युनिटमध्ये कपॅसिटरच्या स्टेज चालू-बंद करणारा पॉवर फॅक्टर रिले दिवसा ०.९९ लॅग दाखवायचा, रात्री मात्र ०.७७ लीड. रिलेला करंट देणारा सीटी उलटा जोडलाय असं वाटून त्याच्या वायरी उलटवल्या तर दिवसाचंही रीडिंग बिघडलं. तीन रात्री वाया गेल्या.

खरी खूण अशी: रिलेवरचे सगळे स्टेज-दिवे बंद, तरी लीडिंग. म्हणजे एखादा कपॅसिटर लाइनवरच राहिलाय. क्लॅम्प मीटरने प्रत्येक स्टेज तपासली. १५ केव्हीएआरच्या एका स्टेजमध्ये तिन्ही फेजना २१ अँपिअर, आणि तिच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर शून्य व्होल्ट. कॉन्टॅक्ट वेल्ड झालेले!

मेन बंद केला, पाच मिनिटं थांबलो, टर्मिनलवर व्होल्टेज नसल्याची खात्री केली, मगच हात लावला. साध्या कॉन्टॅक्टरऐवजी प्री-चार्जिंग रेझिस्टरवाला कपॅसिटर-ड्यूटी कॉन्टॅक्टर बसवला. त्या रात्री ०.९२ लॅग.