वेन्सडेमधला न ऐकू येणारा डी

मूल 'वेन्सडे' ऐकतं तसंच लिहितं आणि डी गाळतं. म्हणून घरात एक गुपचूप उच्चार ठेवा: बोलताना वेन्सडे, पण लिहिताना मनात 'वेड-नेस-डे'. हा वार वोडेन या जुन्या देवाचा, त्याच्या नावातला डी अजून टिकून आहे.

फेब्रुवारीचं सोपं. इंग्रजीत बरेच जण 'फेब्युअरी' म्हणत पहिला आर गिळतात, आपला 'ब्रु' तो सांभाळतो. फक्त मराठीतला 'व' स्पेलिंगमध्ये घुसू देऊ नका.

नॉलेजसाठी आधी 'माहीत असणे' या अर्थाचा 'नो' पूर्ण लिहून घ्या, के-एन-ओ-डब्ल्यू. मग एल-ई-डी-जी-ई. इथला डी हटकून सुटतो. 'ब्रिज'चा शेवट शेजारी लिहून दाखवा. दोन दिवसांनी, न सांगता, श्रुतलेखनात विचारा.