सीटिंग अरेंजमेंट: पहिल्या क्लूपासून सुरुवात करू नका

आयबीपीएसच्या प्रिलिम्सला रीझनिंगचे ३५ प्रश्न आणि वेळ २० मिनिटं. त्यात सीटिंगचा एक सेट म्हणजे बहुतेक वेळा पाच प्रश्न. मांडणी जमली तर पाचही हातात, चुकली तर प्रत्येक चुकीला पाव मार्क कापला जातो. तरीही मुलं पहिलं वाक्य वाचतात आणि लगेच पेन टेकवतात. वर्गात रोज दिसणारी ही पहिली चूक.

एक सेट घेऊ. अमोल, भारती, चेतन, दीपा, एकनाथ, फरीदा, गणेश आणि हेमा गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड करून बसले आहेत. क्लू असे:

१. गणेश आणि हेमा, दोघंही दीपाचे शेजारी नाहीत.
२. फरीदा चेतनच्या बरोबर समोर आहे.
३. भारती आणि अमोल यांच्यामध्ये एकच जण आहे.
४. अमोल दीपाच्या डावीकडे तिसरा आहे.
५. चेतन भारतीच्या लगेच डावीकडे आहे.
६. गणेश फरीदाचा शेजारी नाही.

पहिला क्लू नकाराचा आहे. तो कुणाला बसवत नाही, फक्त उठवतो, आणि अजून कुणी बसलेलंच नाही. दुसरा क्लू खरा आहे, पण चेतन कुठे ते माहीत नसताना काय उपयोग? मी सहाही क्लू एकदा वाचतो, पेन न उचलता. मग ज्यात दोन माणसं, दिशा आणि अंतर तिन्ही पक्कं आहे तो शोधतो. इथे तो चौथा. एका जागी दीपा लिहिली, ती जागा १. केंद्राकडे तोंड असेल तर डावीकडे म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणून अमोल जागा ४.

पुढचा क्लू कुठला? ज्यात आधीच बसलेल्याचं नाव आहे तो. तिसऱ्यात अमोल आहे, म्हणून तिसरा. भारती जागा २ किंवा ६. इथे दुसरी चूक होते, आणि माझा सगळ्यात जास्त राग तिच्यावर.

दोन शक्यता निघाल्या की मुलं एक निवडतात आणि पुढे पळतात. हाच सेट मी एका सराव चाचणीत दिला होता. एका हुशार मुलाने भारतीला ६ वर बसवलं. पाचव्या क्लूने चेतन ७ वर, दुसऱ्याने फरीदा ३ वर. सगळं छान बसत गेलं म्हणून त्याची खात्री पटली. उरल्या जागा २, ५ आणि ८. फरीदाशेजारी नको म्हणून गणेशला ५ वर टाकलं, हेमा आणि एकनाथला उरलेल्या दोन जागांवर, आणि भराभर उत्तरं टिक केली. पहिला क्लू वाचून झाला होता, पण तो परत कुणी तपासायचा? २ आणि ८ दोन्ही दीपाच्या शेजारच्या जागा. हेमा तिथे बसूच शकत नाही. चित्र भरलं म्हणजे ते बरोबर आहे, असं होत नाही.

म्हणून दोन शक्यता आल्या की मी दोन लहान वर्तुळं शेजारी-शेजारी काढतो आणि पुढचा प्रत्येक क्लू दोन्हीत लावतो. दुसऱ्या वर्तुळात भारती २, चेतन ३, फरीदा ७. रिकाम्या ५, ६, ८. आता पहिला क्लू लावा. पहिल्या वर्तुळात गणेश आणि हेमा दोघांनाही दीपापासून लांबची जागा हवी आणि तशी एकच आहे, ५. ते वर्तुळ मेलं, त्यावर काट मारा. खोडू नका, तपासताना काय फेटाळलं ते दिसलं पाहिजे. दुसऱ्यात ८ दीपाशेजारी, म्हणजे तिथे एकनाथ. उरल्या ५ आणि ६. सहावा क्लू सांगतो गणेश फरीदाशेजारी नाही, म्हणून तो ५ वर आणि हेमा ६ वर. नकाराचे क्लू शेवटी असे कामाला येतात.

दीपापासून घड्याळाच्या दिशेने: दीपा, भारती, चेतन, अमोल, गणेश, हेमा, फरीदा, एकनाथ. आता सहाही क्लू या चित्रावर परत वाचायचे. पंधरा-वीस सेकंद जातात, पण मी ते कधीच वाचवत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. "अमोल दीपाच्या डावीकडे तिसरा" यात मोजायचं दीपापासून, अमोलपासून नाही. तोंड बाहेर असेल तर डावं-उजवं उलटतं. काही आत काही बाहेर असतील तर प्रत्येक नावाजवळ बाण काढा, डोक्यात ठेवू नका. ओळीत दक्षिणेकडे तोंड असणाऱ्याचा डावा हात पूर्वेला असतो.

"दहा सेकंदांत सेट" शिकवणाऱ्या युक्त्यांवर माझा विश्वास नाही. त्या ज्या सेटवर दाखवतात, त्यात दोन शक्यता निघतच नाहीत. आणि एकदा वाचूनही पक्का क्लू सापडला नाही, किंवा तीनपेक्षा जास्त वर्तुळं काढावी लागत असतील, तर तो सेट सोडा, असमानता आणि सिलॉजिझम उरका आणि वेळ उरला तर परत या.