कालची मासळी ओळखताना या चुका टाळा

काल बाजारातून आणलेले आणि काही कारणाने न शिजवलेले बांगडे आज फ्रिजमधून काढताना बहुतेक जण जी पहिली गोष्ट करतात, तीच चुकीची असते: ते बांगडे नळाखाली धुतात आणि मग नाकाजवळ नेतात. धुण्याने अंगावरचा बुळबुळीत थर जातो, आणि मासा उतरू लागल्याची बातमी सर्वांत आधी देणारा वास त्या थरातच असतो. काही जण तर आदल्या रात्रीच हळद, मीठ आणि लिंबू चोळून ठेवतात. लिंबाच्या आंबटपणाने खराब होऊ लागलेल्या समुद्री माशाचा उग्र वास दबतो, मासा मात्र सुधारत नाही. म्हणून, मासळी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची असेल तर तिला काहीही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण थंडीची आहे. गार मासळीला वास कमीच येतो. त्यामुळे मी एकच बांगडा ताटलीत पाच मिनिटे बाहेर ठेवतो, न धुता त्याचे कल्ले उघडतो आणि वास तिथे घेतो. कातडीपेक्षा कल्ले लवकर बिघडतात. ताज्या बांगड्याला समुद्राच्या पाण्याचा, शेवाळासारखा वास येतो आणि कालच्या बांगड्याला जवळजवळ काहीच वास येत नाही. हे दोन्ही चालतात. आंबट किंवा नाकात झोंबणारा वास आला, की तो मासा टाकून द्यावा. कल्ल्यांचा लाल रंग एका दिवसात थोडा फिकट होणारच, पण ते तपकिरी किंवा राखाडी होऊन त्यांवर चिकट स्राव साचला असेल, तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही.

कोळणीकडून मासळी साफ करून आणली असेल तर कल्ले मिळणार नाहीत. अशा वेळी पोटाची पोकळी पाहावी. मधल्या काट्यालगतचे रक्त लालसर असावे आणि बरगडीचे काटे मांसात घट्ट रुतलेले असावेत. मांस काट्यांपासून आपोआप सुटत असेल तर मासा उतरला आहे.

डोळ्यांवरून घाईने निकाल देणारे नवशिके चांगली मासळीही फेकून देतात. बर्फाला टेकलेला डोळा नुसत्या थंडीनेही धुरकट होतो; तो मधोमध खोल गेला असेल, तरच मी त्याला महत्त्व देतो. बोटाने दाबून पाहतानाही असाच गोंधळ होतो. नुकता मेलेला मासा ताठ असतो आणि दुसऱ्या दिवशी तो ताठपणा जातोच, तेव्हा प्रश्न दाबलेला खळगा भरून येतो का, एवढाच असतो. बोंबलाला ही परीक्षा लावू नये. तो मुळातच मऊ असतो.

आता ज्या चुकीचा मला सर्वाधिक राग आहे, तिच्याविषयी. चार वर्षांपूर्वी रत्नागिरीत एका नातेवाइकाने सकाळी आठ वाजता बांगडे घेतले, कामे उरकत ते दुपारी बारापर्यंत स्कूटरच्या डिकीत ठेवले आणि मग फ्रिजमध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ते तपासले. कल्ले फिकट पण लाल होते, वास नव्हता, पोट घट्ट होते. तिरफळे घालून तिखले केले. खाताना जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवली, ती मी तिरफळांची समजलो. अर्ध्या तासात आम्हा तिघांचे चेहरे लालबुंद झाले, डोके ठणकू लागले आणि अंगाला खाज सुटली. डॉक्टरांनी आधी विचारले, ‘बांगडा होता का?’ बांगडा, कुपा आणि तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा गरम जागी राहिला, की जिवाणू त्याचे असा त्रास देणारे हिस्टामिन करतात. ते ना डोळ्यांत दिसते, ना कल्ल्यांत, ना त्याला वास असतो. शिजवल्याने, गोठवल्याने किंवा आमसुलाने ते नाहीसेही होत नाही. ‘नीट उकळले की काही होत नाही’ असे सांगणाऱ्यांचे म्हणूनच या माशांच्या बाबतीत ऐकू नये.

तेव्हापासून कालचा बांगडा हातात घेतला, की कल्ले उघडण्याआधी मी विचारतो: बाजारातून निघाल्यापासून फ्रिजपर्यंत तो किती वेळ बर्फाविना होता? डिकीत किंवा पिशवीत दोन तासांहून अधिक गेले असतील, तर बाकीच्या सगळ्या खुणा उत्तम असूनही मी तो शिजवत नाही. बाजारात जाताना झाकणाच्या डब्यात बर्फ नेतो, घरी येताच आतडी आणि कल्ले काढतो. फक्त एका माशाचे कल्ले दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेसाठी तसेच ठेवतो. मग सारे बांगडे चाळणीत बर्फावर मांडून खाली पातेले ठेवतो, कारण स्वतःच्या पाण्यात रात्रभर पडून राहिलेली मासळी सकाळपर्यंत लिबलिबीत होते.