-पणा पुढे की -ता? हॅपॅक्स मोजताना या चुका टाळा

नाशिकच्या वर्तमानपत्रांची स्थानिक पानं गोळा करायची, त्यातून -पणा आणि -ता या प्रत्ययांचे शब्द काढायचे आणि आज कोणता प्रत्यय जास्त जिवंत आहे ते ठरवायचं. भाषाशास्त्राच्या एम.ए.च्या प्रकल्पाला हा विषय छान आहे. दोन्ही प्रत्यय विशेषणापासून भाववाचक नाम बनवतात, साधेपणा आणि सुंदरता अशी जोडी सहज मिळते, आणि मजकुराला तोटा नाही. घोटाळा होतो तो मोजणीत.

बहुतेक जण आधी वेगवेगळे शब्द मोजतात. -ताचे ३४० शब्द सापडले, -पणाचे २१०, म्हणजे -ता जिंकला. (इथले सगळे आकडे हिशेब कळावा म्हणून कल्पित घेतले आहेत.) पण ही मोजदाद प्रत्ययाची आजवरची कमाई सांगते. मानवता, एकता, स्वच्छता हे शब्द कुणी आज घडवत नाही, ते तयारच मिळतात. नवा शब्द घडवण्याची ताकद मोजायला भाषाशास्त्रज्ञ हॅराल्ड बायेन यांनी १९९०च्या आसपास वेगळं माप रूढ केलं: त्या प्रत्ययाचे जे शब्द मजकुरात एकदाच आले, म्हणजे हॅपॅक्स, त्यांची संख्या भागिले त्या प्रत्ययाच्या शब्दांची एकूण आवर्तनं. P = V1/N. अर्थ सोपा आहे. त्याच प्रकारच्या मजकुरात या प्रत्ययाचा पुढचा शब्द भेटला, तर तो आधी न दिसलेला असण्याची अंदाजे शक्यता म्हणजे P.

आता आपल्या आकड्यांवर हे लावू. -पणाची आवर्तनं १२००, हॅपॅक्स ९६, म्हणून P ०.०८. -ताची आवर्तनं ९६००, हॅपॅक्स तेही ९६, म्हणून P ०.०१. लगेच निष्कर्ष लिहिला जातो की -पणा आठपट जोमदार आहे. हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मजकूर वाढतो तसा N भराभर फुगतो, हॅपॅक्स मात्र तितक्या वेगाने वाढत नाहीत. त्यामुळे ज्या प्रत्ययाची आवर्तनं जास्त, त्याचा P आपोआप खाली येतो. गाएता आणि रिक्का यांनी २००६ मध्ये इटालियन वर्तमानपत्राच्या मजकुरावर हाच मुद्दा धरला आणि तुलना समान N वर करावी असं मांडलं. म्हणजे -ताच्या ९६०० आवर्तनांतून यादृच्छिक १२०० उचलायची, हॅपॅक्स मोजायचे, हे पुन्हा पुन्हा करून सरासरी काढायची:

```python
import random
from collections import Counter

def hapax(tokens, n, times=200):
    total = 0
    for _ in range(times):
        c = Counter(random.sample(tokens, n))
        total += sum(1 for v in c.values() if v == 1)
    return total / times
```

समजा सरासरी ७२ आली. मग १२०० आवर्तनांवर -ताचा P झाला ०.०६. आठपटीचा फरक सव्वापटीच्या थोडा वर उरला. -पणा अजून पुढे आहे, पण मोठ्या आवाजात सांगण्यासारखं त्यात फारसं नाही.

हे गणित बरोबर ठरतं ते यादी स्वच्छ असेल तरच, आणि मराठीत यादी स्वच्छ करणं हे खरं काम. दोन प्रत्ययांची घाण वेगवेगळ्या दिशेने बसते. -पणा विभक्तीपूर्वी बदलत नाही: साधेपणाने, साधेपणाला, साधेपणामुळे. त्यामुळे शब्दात कुठेही ‘पणा’ शोधला की सगळी रूपं हाती लागतात. मात्र मूळ रूपाखाली ती एकत्र केली नाहीत, तर साधेपणाने एकदा आणि साधेपणामुळे एकदा, असे दोन हॅपॅक्स मोजले जातात. खरं तर तो एकच शब्द दोनदा आलाय, हॅपॅक्स एकही नाही. -ताचं उलट. सामान्यरूपात त्याचं -ते होतं: सुंदरतेने, सुंदरतेचा. फक्त ‘ता’ने संपणारे शब्द शोधले, तर ही सगळी आवर्तनं निसटतात आणि N अकारण लहान होतो. एकाला जाळं मोठं, दुसऱ्याला लहान, आणि मग तुलना!

शिवाय ‘पणा’च्या शोधात जे येतं ते बघण्यासारखं असतं. आपणास, आपणाला ही रूपं इतक्या वेळा येतात की N दणदणीत वाढतो आणि P कोसळतो. स्थानिक पानांवर तर लोकार्पणाचा आणि वृक्षारोपणाचा पाऊसच. एखादं सरपणासाठी किंवा दर्पणात एकदाच येतं आणि थेट हॅपॅक्सच्या यादीत शिरतं. ‘ता’च्या बाजूला होता, आता, नेता, रस्ता हे पहिल्याच मिनिटाला दिसतात, ते काढणं सोपं. चकवतात ते वेगळेच: ‘न सांगता’ हे क्रियापदाचं रूप यादीत नको, ‘कार्यक्रमाची सांगता’ हे नाम मात्र सांग + ता असं बनलेलं, ते हवं. नम्रता हाही खरा -ताचा शब्द, पण बातमीत ती बहुधा एखाद्या मुलीचं नाव असते. ओसीआरने वाचलेल्या जुन्या पानांत ‘साघेपणा’ छापून आला की तो हटकून हॅपॅक्स होतो, कारण चुका क्वचितच त्याच रूपात परत येतात.

म्हणून निदान हॅपॅक्सची यादी तरी हाताने वाचावीच लागते. एव्हर्ट आणि ल्युडेलिंग यांनी २००१ मध्ये जर्मनवर हेच दाखवलं होतं: यंत्राने आपोआप तयार केलेल्या यादीवरून काढलेला वाढीचा आलेख फसवा निघू शकतो. ओळखायची खूण अशी: वाढत्या N बरोबर हॅपॅक्स जवळपास सरळ रेषेत वाढत राहिले आणि यादी उघडल्यावर निम्म्याहून अधिक शब्द बोलायला विचित्र वाटले, तर मोजमाप प्रत्ययाचं नाही, घाणीचं चाललंय.

एक निर्णय आधीच लिहून ठेवा. मोठेपणाने हे रूप मोठेपण (नपुंसक) आणि मोठेपणा (पुल्लिंगी) या दोघांचंही असू शकतं. संदर्भात विशेषण किंवा क्रियापद लिंग दाखवत नसेल, तर भेद करताच येत नाही. मला विचाराल तर -पण आणि -पणा एकत्र मोजावेत आणि तसं स्पष्ट लिहावं. अर्धे इकडे, अर्धे तिकडे टाकले तर दोन्ही आकडे निरुपयोगी.

हॅपॅक्स म्हणजे नवा शब्द, असं वाक्य प्रबंधात सर्रास येतं. तसं नाही. यादीत जुने, विरळ शब्दही असणारच. आणि खरोखर नवा शब्द बाहेर राहू शकतो. एखाद्या स्तंभलेखकाने ‘नाशिककरपणा’ घडवला आणि त्याच लेखात चारदा वापरला, तर तो हॅपॅक्स उरत नाही. सूत्र प्रत्येक आवर्तन स्वतंत्र धरतं, लेखक मात्र आपल्या शब्दावर खूश होऊन तो परत परत वापरतो. म्हणून एका लेखात शब्द कितीही वेळा आला तरी एकदाच धरून दुसरी मोजणी करून पाहावी. निकाल फार हलला, तर कोणत्या लेखाने हलवला ते शोधावं.

शेवटी क्षेत्राचा प्रश्न. -पणा कशालाही लागतो: तद्भव, फारसी, इंग्रजी, वेंधळेपणा ते स्मार्टपणा. -ता प्रामुख्याने संस्कृत शब्दांना लागतो, आणि त्यातही त्याचा आजचा जोर काही ठिकाणीच आहे: -शीलनंतर (संवेदनशीलता), -अर्हनंतर (विश्वासार्हता), -नीय आणि -कनंतर (गोपनीयता, पारदर्शकता). सगळा -ता एका आकड्यात कोंबला, तर एकता-स्वच्छतेची प्रचंड आवर्तनं हा जोर झाकून टाकतात. ‘-शील + ता’ वेगळा काढा आणि त्याच्यासमोर -शीलपणा ठेवा. तिथे -ताचा P चढलेला दिसला, तर ०.०६ आणि ०.०८ ची तुलना कोणत्या मूळ शब्दांबद्दल होती, हे प्रबंधात लिहावं लागेल.