परदेशातल्या मंडळाच्या गणपतीचं निमंत्रण: फोटोखालचा मजकूर कसा लिहावा

मंडळाचं पोस्टर तयार असतं. मखरातली मूर्ती, झेंडूची तोरणं, कोपऱ्यात ढोल. मग कुणीतरी म्हणतं, "खाली दोन ओळी टाक रे," आणि रात्री साडेअकराला आपण लिहितो: "ढोल-ताशांच्या गजरात, भक्तिमय वातावरणात, लाडक्या बाप्पाच्या आगमनाचा सोहळा…" सकाळी उठून बघावं तर ग्रुपवर प्रश्नांची रांग. किती वाजता? जेवण आहे का? पैसे किती? मी हे दोन वर्षं केलं. तिसऱ्या वर्षी आधी प्रश्न गोळा केले आणि मग लिहायला बसलो.

आमचं उदाहरण म्युनिकचं घेतो. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. सोमवारी इथे सगळ्यांना ऑफिस, त्यामुळे मंडळाचा कार्यक्रम शनिवारी, १९ तारखेला.

पहिला घोळ इथेच होतो. मजकुरात "गणेश चतुर्थीनिमित्त" असं लिहिलं की निम्मे लोक सोमवार समजतात. म्हणून तिथीचं नाव बाजूला ठेवून वार आणि तारीख आधी लिहावी, महिना अक्षरात. १०/०९ लिहिलं तर अमेरिकेहून नुकत्याच आलेल्या माणसाला ते ९ ऑक्टोबर वाटतं. वेळ आकड्यात लिहावी, कारण जर्मनीत साडेअकराला "अर्धा बारा" म्हणतात. एखाद्या सूनबाईंचे जर्मन आईवडील येणार असतील तर तोंडी निरोपात तासाभराचा घोळ ठरलेला.

आता पहिली ओळ. इन्स्टाग्रामवर फोटोखालचा लांब मजकूर पूर्ण दिसत नाही. सुरुवातीची एक-दोन वाक्यं दिसतात आणि बाकीचं दाबल्यावर उघडतं. बहुतेक लोक दाबत नाहीत. म्हणजे "गणपती बाप्पा मोरया" आणि सात इमोजींनी सुरुवात केली तर दिसणारी जागा तिथेच संपली. मोरया जरूर म्हणा, पण शेवटी. पहिल्या ओळीत काय, कधी आणि कोणत्या शहरात एवढंच हवं.

लग्नपत्रिकेची भाषा इथे आणू नये, असं माझं मत. "आमच्या येथे श्रीकृपेकरून" किंवा "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे" हे छापील पत्रिकेत शोभतं, कारण ती कुणीतरी घरी येऊन हातात देतं. फोनवर तेच वाक्य परक्या माणसाचं वाटतं. एकच जुना शब्द मात्र मी ठेवतो, सहकुटुंब. कारण इथे एकटा राहणारा विद्यार्थी नेहमी विचारतो, "मी एकटाच आहे, आलो तर चालेल का?" त्याच्यासाठी "सहकुटुंब या, एकटे असाल तर एकटे या" असं सरळ लिहावं. जोडीदार मराठी नसेल त्यांच्यासाठीही एक वाक्य हवं, नाहीतर ते लोक घरीच राहतात आणि कारण सांगत नाहीत.

जेवणाच्या ओळीला सगळ्यात जास्त वेळ द्या. "महाप्रसादाची सोय आहे" यातून काहीच कळत नाही. काय आहे ते लिहा, शाकाहारी आहे हे लिहा आणि नोंदणी कधीपर्यंत तेही लिहा. शेवटची तारीख का, हे एका वाक्यात सांगितलं तर लोक ती पाळतात. आमच्याकडे उकडीचे मोदक चार घरांत वळले जातात. एका चाळणीत दहा-बारा मोदक बसतात, आणि खोवलेला नारळ फ्रोझन पाकिटातून आणावा लागतो. दीडशे मोदक म्हणजे तेरा-चौदा चाळण्या. आयत्या वेळी वीस माणसं वाढली तर मोदक अर्धे करून वाढावे लागतात, आणि अर्धा मोदक हातात घेतलेल्या काकूंचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. पैशांचाही आकडा लिहा. "नाममात्र शुल्क" वाचून प्रत्येकजण आपापला आकडा धरून येतो.

पत्त्यात हॉलचं नाव पुरत नाही. जवळचं यू-बान स्थानक, तिथून किती मिनिटं आणि दार कुठल्या बाजूला, हे हवं. इथले बरेच हॉल इमारतीच्या मागच्या अंगणात असतात आणि माणसं पुढच्या बंद दारासमोर पेढ्यांचा डबा घेऊन उभी राहतात. या वर्षी आणखी एक गोष्ट आहे. १९ सप्टेंबरलाच ऑक्टोबरफेस्ट सुरू होतोय. तो भरतो त्या थेरेझियनवीझ मैदानाकडे जाणाऱ्या गाड्यांत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. तारीख बदलता आली नाही, हॉल तेवढाच रिकामा मिळाला. पण मजकुरात सांगून ठेवता येतं.

तर हे सगळं बसवून मजकूर असा झाला. हॉलचं नाव आणि स्थानक तुम्ही भरा:

"मंडळाचा गणपती: शनिवार, १९ सप्टेंबर, सकाळी ११:३०, म्युनिक.
सोमवारी घरच्या बाप्पाची आरती झाली असेल. ही आपण सगळे मिळून म्हणू.
११:३० आरती आणि अथर्वशीर्ष. १:०० जेवण: मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी आणि प्रत्येकाला एक उकडीचा मोदक. सगळं शाकाहारी.
३:०० मुलांचे कार्यक्रम. ४:३० ढोल-ताशा. ५:३० विसर्जन, हॉलमध्येच टबात.
सहकुटुंब या, एकटे असाल तर एकटे या. मराठी येत नसेल तरी या, आरतीचे कागद रोमन लिपीतही ठेवले आहेत.
जेवण मोठ्यांना १५ युरो, १२ वर्षांखालच्या मुलांना मोफत. मोदक मोजून वळतोय, म्हणून नोंदणी १० सप्टेंबरपर्यंत. लिंक प्रोफाइलमध्ये आहे.
पत्ता: (हॉल), (स्थानक) पासून चालत ५ मिनिटं. दार मागच्या अंगणातून.
त्याच दिवशी ऑक्टोबरफेस्ट सुरू होतोय. थेरेझियनवीझवरून येऊ नका, अर्धा तास हाताशी ठेवून निघा.
गणपती बाप्पा मोरया!"

"लिंक प्रोफाइलमध्ये" असं लिहिलंय कारण इन्स्टाग्रामच्या मजकुरात पत्ता चिकटवला तर तो दाबून उघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर उघडतो, म्हणून तिथे टाकताना हे वाक्य काढून खरी लिंक द्या. हा बदल विसरला की "कुठलं प्रोफाइल?" असे फोन येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तारखेच्या दोन्ही बाजूंना तारांकन दिलं की ती ठळक दिसते:

```
*शनिवार, १९ सप्टेंबर, सकाळी ११:३०*
```

आणखी एक. लोक फोटो सेव्ह करून दुसऱ्या ग्रुपवर टाकतात, तेव्हा खालच्या ओळी मागेच राहतात. वार, तारीख, वेळ आणि पत्ता पोस्टरवरही हवा. आणि दोन्हीकडची वेळ एकच आहे ना, ते बघा. एका वर्षी आमच्या पोस्टरवर ११:०० आणि खाली ११:३० होतं. निम्म्या लोकांनी सतरंज्या घातल्या, उरलेले आरतीला आले.

टाकायच्या आधी मजकूर अशा कुणाला तरी वाचायला द्या, जो महिन्याभरापूर्वीच या शहरात आलाय. मंडळाच्या जुन्या माणसाला हॉल पाठ असतो, त्याला चूक दिसत नाही. नव्या माणसाला वाचून झाल्यावर फोन बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा: किती वाजता निघशील, कुठे उतरशील, खिशात किती पैसे ठेवशील? ज्या प्रश्नावर तो पुन्हा फोन उचलेल, ती ओळ वर घ्या किंवा सोपी करा. यंदा आमच्याकडे पुण्याहून आलेला एक मुलगा दाराच्या ओळीवर अडला. मी आधी "प्रवेश मागील बाजूने" असं लिहिलं होतं. त्याला वाटलं, उशीर झालेल्यांसाठी.